भावात जागा

मन्मथअप्पांना आपल्या व्यवहारज्ञानाचा भारी अभिमान. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात दारं-खिडक्या वेल्ड करून त्यांनी लातुरात शेड उभी केली. पुढे गल्लोगल्ली क्लासेस निघाले, तेव्हा त्यांना बाकं पुरवली. आता क्लासवाले गुबगुबीत खुर्च्यांवर गेले आणि शेड ओस पडली. औशाच्या सरकारी वसतिगृहाला चाळीस बाकं हवी होती. हे काम हुकलं तर दोन्ही वेल्डरना घरी बसवावं लागणार होतं, आणि तसं त्यांच्या तोंडावर सांगायची अप्पांची छाती नव्हती.

सवयीनं पेढे घेऊन ते वसतिगृहाचे कारकून भगवानरावांकडे गेले. भगवानरावांनी पेढा खाल्ला आणि सांगितलं, की खरेदी आता सरकारी पोर्टलवरूनच होते, तिथं विक्रेता म्हणून नाव नोंदवा.

लेक मनस्विनी लॅपटॉप घेऊन बसली. आधारचा ओटीपी अप्पांच्या कधीच बंद पडलेल्या नंबरवर जाऊ लागला, म्हणून आधी आधार केंद्रावर रांग लावली. मग पॅन, उद्यम नोंदणी, जीएसटी, बँक खातं, पोर्टलची अनामत. शेवटी बाकाचा फोटो आणि मापं चढली. भाव अप्पांनी सहा हजार सांगितला.

"अप्पा, गेल्या साली नांदेडच्या व्यंकटशेठला तर चारनं दिली."

"त्यो घासाघीस करतो. साहेब बी करतील. भावात जागा ठेवावी लागती, पोरी."

"तिथं कुणी बोलतच न्हाई. सगळ्यांचे भाव बघायचे अन् कमीवाला घ्यायचा."

तीस वर्षं धंद्यात मुरलेला माणूस पोरीचं ऐकतो थोडाच. अप्पा घासाघिशीच्या फोनची वाट बघत बसले. फोन बिघडला नाही ना, हे बघायला त्यांनी दोनदा मनस्विनीला फोन लावायला लावला.

महिन्यानं कळलं, वसतिगृहात नांदेडहून बाकं आली. अप्पा तडक औशाला गेले. बाक हलवलं, ठोकलं. वेल्डिंग कच्चं, पत्रा हलका, यावर पोरं बसवणार का, असं भगवानरावांना बरंच सुनावलं. भगवानराव घाबरले. माल मिळाल्याचा दाखला त्यांनी पोर्टलवर अजून दिला नव्हता, नाकारायला मुदत होती.

"मग परत पाठवू म्हणता?"

पुरावा दाखवायला अप्पांनी बाक उलटं केलं. खाली पिवळ्या रंगातला 'म' होता. हरेक बाकाला ते स्वतःच्या हातानं काढत, तोच. व्यंकटशेठनं गेल्या साली चारनं नेलेला त्यांचाच माल पोर्टलवर पाच हजारांना लावला होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अप्पांना आधी हसू आलं, मग फार वाईट वाटलं.

"नगा पाठवू," ते म्हणाले. "माल लई चांगला हाय. बनवणारा तेवढा येडा हाय."

बसमध्ये बसल्या बसल्या त्यांनी मनस्विनीला भाव खाली आणायला सांगितलं. वेल्डरना काय सांगायचं, ते मात्र लातूर येईपर्यंत सुचलं नाही.