एकशे बेचाळीस पानं आणि एक

वाचनालयाच्या अध्यक्षीणबाई बोलत होत्या आणि नाना खिडकीबाहेर बघत होते. अकरा वर्षं ते इथले खजिनदार होते. इतक्या वर्षांत पदरचा चहा पाजला, पण वाचनालयाचा एक कप कधी फुकट घेतला नाही. आणि आज समितीच्या चार माणसांसमोर त्यांना अडतीस हजार रुपये कुठे ठेवले ते सांगायचं होतं.

"नाना, तुमच्या वहीत अठ्ठावीस मार्चला वर्गणीचे अडतीस हजार बँकेत भरल्याची नोंद आहे. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये नाही. भरल्याची पावतीही नाही."

"पावती रंगकामाच्या वेळी गहाळ झाली. भरलेत म्हणजे भरलेत," नाना म्हणाले. त्यापुढे एक शब्द बोलायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. नाकासमोर चालणाऱ्या माणसाने स्वतःची वकिली काय करायची!

तरुण हिशेब तपासनीस लॅपटॉप फिरवून दाखवत होता. त्याने स्टेटमेंटमधली एकवीस महिन्यांची प्रत्येक नोंद स्वतः टाइप केली होती. अडतीस हजार नव्हतेच.

तेवढ्यात नानांची धाकटी आली. ती एका ऑडिट ऑफिसात कामाला होती. अर्धी रजा टाकून आली होती.

"मी बघू?"

"तू त्यांची मुलगी आहेस," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "ते बरं दिसेल का?"

"मी बेरीज-वजाबाकी काही करणार नाही. नुसती टोकं जुळवते. तुम्हीच शेजारी बसा आणि आकडे मोठ्याने वाचा."

नानांनी कपाळाला हात लावला. टोकं! घरी ते पोरीची यावरूनच चेष्टा करायचे. चार वर्षं घासून शिकली आणि आता पगार घेऊन टिंबं देते म्हणे.

स्टेटमेंटच्या एकशे बेचाळीस छापील पानांचा गठ्ठा पुढे ओढून ती पेन्सिल घेऊन बसली. पानाच्या तळाशी जी शिल्लक, तीच पुढच्या पानाच्या माथ्यावर हवी. जुळली की दोन्हीकडे एकेक टिंब. महिना संपला की त्याची अखेरची शिल्लक आणि पुढच्या महिन्याची आरंभीची, तसंच टिंब. अध्यक्षीणबाई वर्गात हजेरी घ्यावी तशा आकडे वाचत होत्या. तासाभरात सगळे कंटाळले. धाकटी नाही कंटाळली.

"मार्चचं शेवटचं पान, तळाशी एक लाख सेहेचाळीस हजार तीनशे दहा," बाईंनी वाचलं. "एप्रिल, आरंभी एक लाख सत्याहत्तर हजार सातशे..." त्या थांबल्या. "साठ."

टिंब पडलं नाही.

"एकतीस हजार चारशे पन्नासचा फरक," धाकटी म्हणाली. "या पानावरची शेवटची नोंद सत्तावीस मार्चची आहे. बाबा, वहीत त्यानंतर महिनाअखेरपर्यंत काय काय आहे?"

नानांनी वही उघडली. "अडतीस हजार भरले. मग पुस्तकविक्रेत्याला चेक, बेचाळीसशे. बायंडरला तेवीसशे पन्नास."

"आणि हे दोन चेक?" तिने तपासनीसाकडे पाहिलं.

"तेही नव्हते. मला वाटलं, वटलेच नसतील."

"अडतीसमधून दोन्ही चेक वजा करा."

अध्यक्षीणबाईंनी तोंडानेच हिशेब केला. "एकतीस हजार चारशे पन्नास!"

मार्चचं एक पान गठ्ठ्यात आलंच नव्हतं. तपासनीसाचा चेहरा उतरला. "मी फक्त नोंदी टाइप केल्या," तो पुटपुटला. "शिल्लक कॉम्प्युटरने काढली. छापलेली शिल्लक मी बघितलीच नाही."

शिपाई पलीकडच्या बँकेत पळाला आणि वीस मिनिटांनी ते पान घेऊन आला. तीनच नोंदी. पहिलीच अडतीस हजारांची, अठ्ठावीस मार्च. धाकटीने ते पान आपल्या जागी लावलं आणि माथ्याला व तळाला टिंबं दिली.

खोलीत एकदम गलका झाला. कोणी नानांचा हात धरला. अध्यक्षीणबाई उभ्या राहून माफी मागू लागल्या, चहा आणायला माणूस धावला. आता ऐटीत काहीतरी बोलावं म्हणून नानांनी लेकीकडे पाहिलं.

तिची मान खालीच होती. तिने एप्रिलचं दुसरं पान पुढे ओढलं होतं.

"अगं, झालं ना आता," एक सभासद हसत म्हणाले. "सुटले तुझे बाबा."

"अजून पाच महिने राहिलेत," ती म्हणाली. "बाबांच्या फायद्याचं सापडलं म्हणून मी इथे थांबले, तर या टिंबांना काय अर्थ? बाई, वाचा ना."

नानांना वाटलं, आपण अकरा वर्षं जे सांभाळलं, ते या पोरीने न सांगता उचललं. पुढच्या पाच महिन्यांत काय निघेल याची त्यांना तिळमात्र काळजी नव्हती, पण तसं ते म्हणाले नाहीत. त्यांनी खुर्ची तिच्याजवळ सरकवली, खिशातून स्वतःची पेन्सिल काढली आणि टोक करून लेकीला दिली.

"घे, तुझी बोथट झालीय," ते म्हणाले. "बाई, सावकाश वाचा. माझी लेक काम करतेय."