साडेसात टन

बाबा गेल्यावर गिऱ्हाईक त्यांची मालवाहू गाडी विकत घ्यायला आलं होतं. तपासणी केंद्रापर्यंत त्याच्याच चालकाने ती आणली, मी शेजारी बसले, गिऱ्हाईक आपल्या कारने मागून आलं. चालकाची जागा बाबांची होती, म्हणून मी तिकडे पाहिलं नाही.

तपासनीसबाईंनी गाडीवरची कंपनीची पट्टी वाचली. दोन आस, म्हणजे अ‍ॅक्सल, मालासकट एकूण वजन साडेआठ टन. मग नोंदीचा कागद पाहिला आणि चष्मा वर केला. "इथं साडेसातच आहे."

"बाई, पट्टी काय खोटं बोलतेय?" गिऱ्हाईक म्हणालं.

"पट्टी गाडी काय पेलते ते सांगते. गाडीचा वर्ग ठरतो नोंदीवर. रिकामी सव्वाचार टनाची, म्हणजे आता माल सव्वातीन टनच भरायचा. टोलला फरक नाही, आस दोनच राहिले."

"म्हणजे टनभर जागा फुकट! हे कुणी केलं?"

"मालकांनीच. दोन वर्षांपूर्वी अर्ज दिलाय. लोक वजन वाढवून मागतात, कमी करून घेणारा पहिलाच पाहिला."

दोन वर्षांपासून बाबा शेवटच्या गोणींना नको म्हणू लागले होते. मी म्हणायचे, "थकलात आता, कबूल करा." ते म्हणायचे, "हो गं, थकलो."

"ताई, काळजी नको," बाई मला म्हणाल्या. "वारस म्हणून सही करा, पुन्हा साडेआठ होईल."

कागद पुढे आला. त्यावर बाबांचा जुना अर्ज टाचला होता. 'कारण' या रकान्यात त्यांचं तिरकं अक्षर होतं: मुलीच्या परवान्यात बसावी म्हणून.

माझा परवाना साडेसात टनांपर्यंतचा. त्यांच्याच हट्टापायी मी परीक्षा दिली होती. पास झाल्यावर ते म्हणाले, "चल की एक फेरी." मी म्हटलं, "बघू." अर्जाची तारीख त्याच आठवड्यातली होती. नंतर त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

"सही?" गिऱ्हाईकाने पेन धरलं.

"विकायची नाही."

"अहो, काय पोरखेळ आहे! पेट्रोल जाळून आलोय आम्ही."

मी माफी मागितली. तो चालकाला घेऊन बडबडत निघून गेला.

"आता नेणार कोण?" बाईंनी विचारलं. मी परवाना दाखवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला. "रिकामी आहे म्हणून नेऊ देतेय असं नव्हे हं. रिकामी असली तरी नोंदीत साडेआठची असती तर तुम्हाला हात लावता आला नसता."

बाबांचे पाय लांब. सीट मला बरीच पुढे ओढावी लागली. दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलं होतं: रिकामी ४३२०, मला धरून.

बाहेरची वाट वजनकाट्यावरून जात होती. गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा काट्यावर चढली. आकडे थरथरले आणि थांबले. ४३००.

वीस किलो कमी. डिझेलमुळेही असेल. मागून कुणी हॉर्न देईपर्यंत मी तो आकडा बघत राहिले.