मॅपवरचा नंबर

वाटणी झाली तेव्हा स्टॅम्पपेपरवर सगळं लिहून घेतलं होतं. वेल्डिंगचा सेट कुणाचा, कॉम्प्रेसर कुणाचा, बसवेश्वरांचा फोटोसुद्धा कुणाकडं. उमरग्यातलं हायवेवरचं रेडिएटर रिपेअरिंगचं दुकान माझ्या वाट्याला आलं आणि अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ बसवराज, सोलापूरला गेला. मॅपवरच्या नोंदीचं मात्र एकाही पंचाला सुचलं नाही. मलाही नाही. एवढा शहाणा मी.

गाडी तापली की ड्रायव्हर मॅपवर जवळचं दुकान शोधतो आणि आधी फोन करतो. तिथं माझ्या दुकानाखाली नंबर अण्णाचा. दोन महिन्यांत माझ्याकडं येणाऱ्या गाड्या निम्म्यावर आल्या, मग आठवड्याला एखादी.

मी मॅपवर 'बदल सुचवा' दाबून माझा नंबर टाकला. बदल मंजूर झाला नाही, असा मेल आला. एका ऑनलाइन डिरेक्टरीत ओटीपी टाकून नंबर लगेच बदलून मिळाला, पण ती कोण उघडतंय? मग मॅपवरची मालकी मागायला गेलो, तर ही नोंद दुसरं कुणीतरी सांभाळतंय म्हणे. खाली मेलची पहिली दोन अक्षरं आणि पुढं नुसते ठिपके. अक्षरं अण्णाच्या मेलची होती. नोंद त्यानंच केलेली.

"भावजींना फोन करा की," माझी बायको इरम्मा म्हणाली.

वाटणीपासून आम्ही बोलत नाही. मी विनंतीचं बटण दाबलं. उत्तर द्यायला त्याला तीन दिवस होते. लाज वाटते सांगायला, पण मला खात्री होती की तो हो म्हणेल. तिथल्या दीडशे अभिप्रायांत निम्म्या लोकांनी 'शंभू मिस्त्री' असं माझं नाव लिहिलंय, ते तरी वाचेल म्हटलं.

तिसऱ्या दिवशी नकार आला. अपील केलं, त्याचं उत्तर अजून नाही.

काल परंड्याचा धनाजी ड्रायव्हर टेम्पो घेऊन आला. बोनेटमधून वाफ निघत होती.

"पाटी दिसली म्हणून थांबलो बगा," तो म्हणाला. "फोनवर तर दुकान बंद पडलं म्हणून सांगितलं."

मला खरं वाटेना. त्याचाच मोबाईल मागितला, मॅपवरून तोच नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला.

"तुमाला मगाशीच सांगितलं की," अण्णाचा आवाज आला. "बंद झालं ते. पुढं बगा कुठंतरी."

"आन् शंभू मिस्त्री?" धनाजीनंच विचारलं.

"त्येनं काम सोडलं. हात न्हाय चालत त्याचा आता."

हे हात त्यानंच घडवलेत. बारा वर्षांचा होतो, शेजारी बसवून गळक्या रेडिएटरला कथलाचा डाग द्यायला शिकवलं होतं त्यानं. मी फोन बंद केला.

"नंबर चुकीचा हाय का?" धनाजीनं विचारलं.

"न्हाय," मी म्हणालो. "माझ्या भावाचाच हाय."