नमिता मॅडम का गेल्या: एक कृतिसंशोधन

समस्या

लोखंड बाजाराच्या मागच्या त्या शाळेत शिक्षक टिकत नाहीत, हे कळंबोलीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. आता वरून फर्मान आलं की मुख्याध्यापकांनी या विषयावर कृतिसंशोधन करून पाठवावं. मुख्याध्यापिका सुचिताबाईंना हसूच आलं. शिक्षक द्यायचे सोडून निबंध मागवतात! पण लिहिणं भाग होतं, आणि नमिताचा राजीनामा टेबलावरच पडला होता.

पार्श्वभूमी

नमिता कंत्राटी. वर्गात दोन इयत्ता एकत्र, ट्रक भरणाऱ्या हमालांची पोरं दाटीवाटीनं बसलेली. तरी तिची पोरं धडाधड वाचायची. सुचिताबाईंना तिचा कोण अभिमान!

कार्यवाही

अशी बाई हातची जाऊ नये, दरवर्षी तिची नेमणूक पुन्हा व्हावी, म्हणून सुचिताबाईंनी प्रत्येक बैठकीत तिचं तोंडभरून कौतुक केलं. ते वरपर्यंत पोचलं. केंद्रप्रमुखांनी तिला लगेच 'तंत्रस्नेही शिक्षिका' ठरवलं, म्हणजे आसपासच्या सगळ्या शाळांची ऑनलाइन माहिती भरणं तिच्या गळ्यात. मग मतदारयाद्या आल्या, प्रशिक्षणं आली. ती नसली की तिची पोरं शेजारच्या वर्गात कोंबायची. हे सगळं आपल्या कौतुकाचं फळ, हे बाईंच्या फार उशिरा ध्यानात आलं.

निरीक्षण

"मानधन वाढवून मागू का गं?" त्यांनी नमिताला विचारलं.

"मानधनाचं नाहीये, मॅडम. काल एक पोरगी वही दाखवायला आली, तर मी खेकसले तिच्यावर. रडली ती. अजून एक वर्ष राहिले ना, तर मला पोरांचाच राग यायला लागेल. त्याच्या आधी जाते."

थांब म्हणायला सुचिताबाईंना तोंडच उरलं नव्हतं.

निष्कर्ष

नमिता गेल्यावर आठवड्याभरातच केंद्रप्रमुखांचा फोन आला. तंत्रस्नेही म्हणून दुसरं नाव हवं होतं. "ती नवीन मोनाली हुशार आहे म्हणे?"

मोनाली खरंच हुशार होती. मोबाईलवर गोष्टी ऐकवून पोरांना वेडं करायची.

"छे हो," सुचिताबाई म्हणाल्या, "तिला काही जमत नाही. वर्गच कसाबसा सांभाळते."

फोन ठेवून वळल्या, तर दारात मोनाली उभी, हातात हजेरीपट. बाईंनी तिला घाईघाईनं बसवलं, नमिताचं सगळं सांगितलं. तुला वाचवायलाच खोटं बोलले, म्हणाल्या.

मोनालीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"कळलं, मॅडम. पण जूनमध्ये माझी कंत्राटाची ऑर्डर संपते. जिला काही जमत नाही, तिला परत कोण घेणार?"

हजेरीपट टेबलावर ठेवून मोनाली वर्गावर गेली.