तिहिरा या नावाचं मूळ

कोशकचेरीत नावाचा अर्थ विचारायला येणाऱ्या माणसांना अर्थ नको असतो, शाबासकी हवी असते. हे उपसंपादकबाईंचं मत होतं आणि अर्धी हयात त्या टेबलाशी घालवून ते पक्कं झालं होतं. बाळाचं नाव आधीच ठरलेलं असतं, दारावरची पाटीसुद्धा रंगवून झालेली असते. कुठल्याशा संकेतस्थळावर ‘सूर्याचा पहिला किरण’ असा अर्थ वाचून स्वारी हरखलेली असते, आणि कोशात तसं काही नाही म्हटलं की बाई खडूस ठरतात. मागे एका बापाला त्यांनी सांगितलं होतं, आरव म्हणजे शांत नव्हे, आरव म्हणजे ओरडा. आवाज करणे या अर्थाचा ‘रु’ धातू आहे, त्याच्यापासून आलेला शब्द. बाप पाय आपटत निघून गेला. पुढे दोन वर्षांनी रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, तुमचाच अर्थ खरा निघाला हो, रात्रभर झोपू देत नाही कार्टं.

त्यामुळे त्या सकाळी दारात उभ्या राहिलेल्या बाईने ‘नावाचं जरा विचारायचं होतं’ म्हणताच उपसंपादकबाईंनी मान वर न करताच खुर्ची दाखवली. खुर्चीत बसणारीचा हात टेबलावर आला तेव्हा मात्र त्यांनी पाहिलं. मनगटाच्या वर शीर दोरीसारखी जाड फुगलेली आणि तिच्यावर ताजी पट्टी. चेहरा पिवळट, पायावर सूज. वय पस्तिशीच्या पुढे नसावं.

नाव तिचं स्वतःचंच होतं, तिहिरा. शाळेत पोरं तिहेरी म्हणून चिडवायची, असं सांगताना ती थोडी हसली. अनाथाश्रमात वाढलेली. तिथल्या मोठ्या बाईंनी तिला लहानपणापासून एकच गोष्ट सांगितली होती, की तुला गुंडाळलेल्या फडक्यात एक चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर हे नाव होतं. म्हणजे आईने दिलेलं नाव. अर्थ, जिची वाट पाहिली जाते ती. चिठ्ठी केव्हाच गहाळ झालेली, मोठ्या बाईही आता नव्हत्या. आश्रमातल्या बाकीच्या मुलींची नावं चारचौघींसारखी होती, हिचं एकटीचंच जगावेगळं, आणि या एका नावाच्या बळावर ती मान ताठ ठेवून मोठी झाली होती.

आता तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा यंत्रावर जाऊन रक्त धुऊन घ्यायचं. नवऱ्याने स्वतःचं मूत्रपिंड द्यायची तयारी दाखवली होती, पण त्याचा रक्तगट जुळत नव्हता. मृत माणसाकडून मिळणाऱ्या मूत्रपिंडासाठीची रांग एवढी लांब होती की डॉक्टरांनीच तिच्यावर फार विसंबू नका म्हणून सांगितलं. आई, भाऊ, बहीण, असं रक्ताचं कोणी असेल तर आणा, ते म्हणाले. रक्ताचं माणूस शोधायला तिच्याजवळ काय होतं, तर हे नाव.

नावांचे अर्थ सांगणाऱ्या एका मोबाइलवरच्या विद्वानाने तिचं काम सोपं करून ठेवलं होतं. हा शब्द फार जुना, तो म्हणाला, आणि आता फक्त पलीकडच्या डोंगराळ मुलखातल्या बोलीत उरला आहे. तिने पुढच्या आठवड्याची तिकिटं काढली होती. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस, आणि त्या डोंगरात यंत्र नाही. डॉक्टर म्हणाले होते, वेडेपणा करू नका. नवरा म्हणत होता, आधी कोशवाल्यांना तरी विचार.

“तुम्ही तिथलं आहे म्हणालात तर मी जाते,” ती म्हणाली. “मग काय व्हायचं ते होवो.”

उपसंपादकबाईंनी दोन दिवस मागून घेतले.

नाव त्यांना ओळखीचं वाटलं होतं, पण बाईंचा ओळखीवर विश्वास नव्हता. त्यांनी सुरुवात कचऱ्यापासून केली. संकेतस्थळं उघडली. डझनभर ठिकाणी तिहिरा होती, आणि सगळीकडे अक्षर न बदलता एकच ओळ, ‘जिची वाट पाहिली जाते ती, सहनशील’. डझनभर साक्षीदार एकाच तोंडाने बोलायला लागले की साक्षीदार एकच आहे असं समजायचं, हे या धंद्यातलं पहिलं शहाणपण. एका ठिकाणी तर मूळही दिलं होतं, ‘तिह्, वाट पाहणे’.

मग त्या कपाटांकडे वळल्या. धातूंच्या यादीत तिज् होता, तिम् होता, तिल् होता. तिह् नव्हता. संस्कृतच्या मोठ्या कोशात तिमिर होता, पुढे मिहिरही होता, पण तिहिर नव्हता. मिहिर, तिमिर, रुधिर यांच्यात दिसतो तो ‘इर’ प्रत्यय इथे बेमालूम बसवलेला होता, फक्त ज्याला तो लावायचा तो धातूच जगात नव्हता. प्राकृतात ह कधी ख, घ, थ, ध, भ यांच्या जागी येतो, म्हणून बाईंनी तिख, तिघ, तिथ, तिध, तिभ असं सगळं चाळलं. शेजारच्या भाषांचे कोश पाहिले, फारसी-अरबीचा पाहिला. डोंगरातल्या त्या बोलीचा शब्दसंग्रह तळघरात होता, तो काढायला लावला. धुळीने शिंका येऊन डोळ्यांतून पाणी आलं तरी पान न् पान पाहिलं. वाट पाहण्याला त्या बोलीत दोन शब्द होते आणि दोन्हींचा तिहिराशी काडीचा संबंध नव्हता.

राहता राहिलं एक पुस्तक. बाईंच्या कचेरीनेच काढलेलं, मुलामुलींच्या नावांचं. तिथे ती ओळ होती, ‘सहनशील’सकट. सगळ्यांत जुनी छापील नोंद हीच. आत पहिल्या आवृत्तीचं वर्ष होतं, ते बाईंनी तिहिराने सांगितलेल्या वर्षाशी ताडून पाहिलं. तिहिरा आश्रमात आली त्याच्या पुढच्या वर्षी पुस्तक निघालं होतं.

ते पुस्तक रचणारे मोठे संपादक हयात होते. मुलीच्या घरी खाटेवर पडून असत, कानाने अधू, डोक्याने लख्ख. बाई संध्याकाळी तिथे गेल्या आणि त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, “सर, तिहिरा आठवते?”

म्हाताऱ्याचे डोळे लकाकले. “कोण सापडला?”

मग ते बोलतच सुटले. त्या काळी चोरांनी उच्छाद मांडला होता. आपण पाच वर्षं घासायची आणि ह्यांनी पाच दिवसांत पुस्तकच्या पुस्तक उचलून स्वतःच्या नावावर छापायचं. म्हणून प्रत्येक पुस्तकात एक खोटी नोंद पेरायची. ती दुसऱ्याच्या पुस्तकात उगवली की चोर मुद्देमालासकट हाती. तिहिरा त्यांनी पुस्तक छापखान्यात जाण्याच्या थोडं आधी घडवली होती, धातूसकट. कोणाला सांगितली नव्हती. सांगितलं तर सापळा कसला?

“नावांचं पुस्तक होतं ते, सर,” बाई म्हणाल्या. “लोक त्यातून पोरांची नावं ठेवतात.”

त्यांना ते कळायला वेळ लागला. मग म्हणाले, “जमली होती पण सुरेख. मिहिरसारखी.” आणि थोड्या वेळाने, आपलंही काही चांगलं निघावं म्हणून असेल, त्यांनी आठवण सांगितली. पहिल्या आवृत्तीच्या कितीतरी प्रती त्यांनी अनाथाश्रमांना फुकट पाठवल्या होत्या. नावं ठेवताना अडतात बिचारे, ते म्हणाले.

बाईंना त्यांचा राग आला आणि कीवही आली. उशी नीट करून त्या निघाल्या.

घरी त्यांना अन्न गोड लागेना. आश्रमातल्या मोठ्या बाई त्यांना डोळ्यांपुढे दिसत होत्या. नाव नसलेलं वर्षाचं पोर कडेवर, हातात फुकट आलेलं पुस्तक, बोट फिरता फिरता एका ओळीवर थांबलेलं. जिची वाट पाहिली जाते ती. ज्या पोरीची जगात कोणी वाट पाहत नाही तिला यापेक्षा चांगलं काय द्यायचं? चिठ्ठीची गोष्ट त्याच मायेतून आलेली. सगळ्यांनी चांगलंच केलं होतं, आणि त्या सगळ्या चांगुलपणाची बेरीज म्हणजे ही बाई मरायला डोंगरात निघाली होती.

सापडलं नाही, एवढंच सांगावं का? ते खोटंही झालं नसतं. पण कचेरीत नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात, सापडलं नाही म्हणजे ते नाहीच असं होत नाही. तिहिराही हेच म्हणाली असती आणि बसमध्ये चढली असती. अर्धं सांगायची सोयच उरली नव्हती.

ठरल्या दिवशी ती आली. बाईंनी दार लावून घेतलं, सगळं उघडून तिच्यासमोर मांडलं आणि सरळ सांगितलं. हा शब्द कुठल्याच भाषेतला नाही. एका माणसाने तो या कचेरीत बसून बनवला, तू आश्रमात आल्यानंतर. त्यामुळे तो तुझ्या आईला ठाऊक असणं शक्य नाही. तो तुझ्यापर्यंत पोचला असेल तर या पुस्तकातूनच. बोलता बोलता त्या अहो-जाहोवरून अगं-तुगंवर कधी आल्या ते त्यांनाही कळलं नाही.

तिहिराने पुस्तक जवळ ओढलं. ओळीवरून बोट फिरवलं, वर्ष पाहिलं, पुन्हा ओळ पाहिली. बाईंना वाटलं होतं, रडेल, भांडेल, निदान त्या म्हाताऱ्याचा पत्ता मागेल. तिने एवढंच विचारलं, “म्हणजे चिठ्ठी नव्हती?”

“असली तरी तिच्यावर हे नाव नव्हतं.”

“मला वर्षभर काय म्हणत असतील?”

बाईंनी पुस्तक मिटून बाजूला सारलं आणि तिकिटांचं विचारलं. रद्द करते, तिहिरा म्हणाली. शोधायला आता दिशाच उरली नव्हती.

यंत्राची वेळ झाली म्हणून ती उठली. दाराशी थांबून तिने विचारलं, “हे खोटं आहे ते तुम्हाला आता कळलं. मग पुस्तकातून काढणार?”

“तू सांगशील तसं.”

“काढा. उगाच आणखी कोणी पोरगी वाट बघत बसायची.” मग तिला काहीतरी सुचलं. “नवी आवृत्ती कधी निघते?”

“दोनतीन वर्षं तरी लागतील.”

तिहिराने मनाशी हिशेब केला. “मग काही अडचण नाही,” ती म्हणाली. “तोवरच लागेल मला ते नाव.”