साखळी टाक्याची अंगठी

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सकाळचे सव्वादहा वाजले होते. मग नर्सबाईंनी मला प्लास्टिकची एक छोटी पिशवी दिली. आत तिची अंगठी होती, एका जागी कापलेली. आदल्या दिवशी बोटं सुजली, अंगठी रुतायला लागली, म्हणून कापावी लागली असं त्या म्हणाल्या. मी सही केली आणि पिशवी शर्टाच्या खिशात ठेवली.

मी शिंपी. बायको माझ्या दुकानात हातशिलाई करायची. काजं, हूक, गळ्याभोवती भरायचा साखळी टाका, सगळं तिच्याकडे. आमची एकच मुलगी, लहानपणी बटणासारखी गोल म्हणून तिला बटण म्हणायचो, आता ती तिशीची झाली तरी बटणच. ती दुसऱ्या गावी राहते. मासळीच्या शीतगृहात पॅकिंगवर देखरेख करते.

वर्ष झाल्यावर मी तिला फोनवर म्हटलं, "आईची अंगठी तुझ्यासाठी करून घेऊ. माझीही त्यात घालू. दोन्ही वितळवून एक."

ती म्हणाली, "चालेल. पण रुंद कर बाबा. आणि वर आईचा साखळी टाका."

दुकानासमोरचा सोनार माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याने कागदावर आठ मिलिमीटर रुंदीची अंगठी काढली, वर साखळी टाका, सगळीकडून फिरलेला.

"माप नीट आणा, मास्तर," तो म्हणाला. "साधी अंगठी असती तर नंतर लहानमोठी केली असती. ही कापली की टाका तुटला. आणि हे सोनं काही दुसऱ्यांदा मिळायचं नाही."

"मला माप शिकवता?"

"तुम्हाला कापडाचं येतं. तुम्ही आत दाब ठेवता, पोट सुटलं की उसवून देता. सोन्यात दाब राहत नाही."

मला राग आला.

त्याच दुपारी बटणला फोन केला. तिची जेवणाची सुट्टी चालू होती. "हातमोजे काढ. दोरा घे. बोटाच्या मुळाशी गुंडाळ, घट्ट ओढ, जुळतं तिथे खूण कर आणि पट्टीवर ठेव."

"डबा तरी उघडू दे."

"उघड. पण आधी दोरा."

पन्नास मिलिमीटर भरलं. सोनाराने आधी पितळेची नमुन्याची अंगठी केली, तेवढीच रुंद, आतून पन्नास. मी ती तिच्या नव्या ब्लाउजात गुंडाळून पाठवली. चार दिवसांनी रात्रीच्या जेवणाआधी तिचा व्हिडिओ कॉल आला. अंगठी बोटाच्या मधल्या सांध्यालाच अडकून बसली होती.

"बाबा, हे बोटाचं माप आहे की पेन्सिलीचं?"

"तूच घेतलंस."

"तू सांगितलंस तसंच घेतलं."

दुसऱ्या दिवशी सोनाराला सांगितलं. त्याने विचारलं, "माप कुठे घेतलं? कधी?"

"दुपारी. कामावर."

"शीतगृहात?" त्याने चष्मा काढला. "अहो मास्तर, गारठ्यात बोट आकसतं. आणि दोरा घट्ट ओढला की मांसात रुततो, वर ताणतो. तुम्ही दोन्हीकडून माप चोरलंत. कागदाची पट्टी घ्यायला सांगा, अंगठीइतकीच रुंद. घरी, हात कोमट असताना, संध्याकाळी. एकदा नाही, तीन-चार वेळा, वेगवेगळ्या दिवशी. आणि सांध्याचं वेगळं."

चाळीस वर्षं मी लोकांची मापं घेतली. कॉलरमध्ये दोन बोटं राहिली पाहिजेत हे मला झोपेत कळतं. पण बोट दिवसभरात बदलतं, हे कधी मनात आलं नव्हतं.

मग आमचा रोजचा उद्योग सुरू झाला. ती कामावरून घरी आली, चहा झाला, की फोन. मी वहीत लिहायचो. संध्याकाळी मुळाशी त्रेपन्न, सांध्यावर पंचावन्न. दुसऱ्या दिवशीही तेच. रविवारी सकाळी उठल्या उठल्या चौपन्न.

"रात्रीत वाढलीस?"

"झोपून उठल्यावर हात जरा सुजलेलेच असतात. चेहरा पण बघ. नको, बघू नकोस."

एकदा तिने जिना चढून आल्या आल्या माप घेतलं, तेही चौपन्न. मी म्हटलं, बस आधी, श्वास घे, मग घे. दहा मिनिटांनी त्रेपन्न.

"आई असती तर म्हणाली असती, मी नवरी होते तेव्हा इतकं केलं नाहीत," ती म्हणाली.

"तुझ्या आईच्या अंगठीचं माप मी अंदाजानेच दिलं होतं."

"आणि बरोबर बसली?"

"सैल बसली. पहिली दोन वर्षं ती आतून दोरा गुंडाळून घालायची. मला बोलली नाही."

बटण खूप वेळ हसली. मीही हसलो. घरात बऱ्याच दिवसांनी.

सोनाराने हिशेब समजावला. मुळाशी त्रेपन्न, सांधा पंचावन्न, तर मधलं चौपन्न धरायचं. सांध्यावरून जरा फिरवत उतरेल आणि खाली गरगरणार नाही. बटणकडे चौपन्नची एक बारीक, तारेसारखी अंगठी होतीच, ती तिला छान बसायची. मी म्हटलं, मग ठरलं, चौपन्न.

"बारीक असती तर ठरलं असतं," सोनार म्हणाला. "रुंद अंगठी जास्त कातडी झाकते. तेच माप रुंदीत आवळतं. दोन पितळी देतो, चौपन्न आणि पंचावन्न. दोन-दोन दिवस घालून बघू दे."

त्याचं बरोबर निघालं. चौपन्नची सकाळी कामाला निघताना ठीक होती, संध्याकाळी मात्र दोन्ही बाजूंनी कातडी फुगून वर आली आणि काढायला साबण लागला. पंचावन्नची दोन्ही वेळा आरामात. कामावर अंगठी चालत नाही, म्हणून तिने सुट्टीत बाहेर येऊन गार हातानेच घालून पाहिली. जरा हलली, पण हात झटकला तरी सांध्याने अडवली.

"पंचावन्न," ती म्हणाली. "आता दे सोनाराला. आणि माप झालं म्हणून फोन बंद करू नकोस."

"कशाला बंद करू?"

"असंच सांगितलं. संध्याकाळी सातला मी चहा घेऊन बसते आता. सवय लागली."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बायकोच्या अंगठीची पिशवी घेऊन सोनाराकडे गेलो. माझी स्वतःची अंगठी बोटातच होती. काढायला गेलो तर निघेना. वयाने माझाही सांधा जाड झाला आहे.

"आता उन्हातून आलात," तो म्हणाला. "ओढू नका, आणखी सुजेल. गार वेळ बघा. हात थोडा वेळ वर धरा, गार पाण्यात घाला, साबण लावा, फिरवत काढा. निघेल. नाही निघाली तर कापीन."

"कापायची नाही."

"मग घरी काढून आणा." त्याने पिशवी माझ्याकडे परत सरकवली. "दोन्ही एकदमच द्या. मला घाई नाही."

आज सकाळी तसंच केलं. हात वर धरला, गार पाणी, साबण. अंगठी सांध्यापर्यंत आली. आणखी एकदा फिरवली असती तर निघाली असती, हे मला बोटातच कळलं. मी ती परत खाली सरकवली आणि हात पुसला.

संध्याकाळी बटणने विचारलं, "दिलीस?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. "तुझं बोट आहे. गार झालं की दे."

माप पक्कं झालं आहे. सोनार तयार आहे. दोन्ही अंगठ्या त्याला द्यायच्या राहिल्या आहेत.