डाव्या खांद्यावरची पिशवी

मोतीबिंदूचं ऑपरेशन करून संयोगिताबाई पुण्याहून सांगलीला परत आल्या आणि डोळ्यांवर काळा चष्मा असतानाच रिक्षा करून बॅडमिंटनच्या हॉलवर पोचल्या. दोन महिने मुलाकडे राहून जीव अगदी आंबून गेला होता. दिसत होतं ते धुरकट. पण कोर्टाच्या कडेला खुर्चीत बसल्या, चष्म्याआड डोळे मिटले, आणि नुसत्या आवाजांवरून सगळं दिसायला लागलं. तसं त्यांचं अर्धं आयुष्य या आवाजांतच गेलं होतं.

एक आवाज मात्र ओळखीचा वाटेना.

त्यांच्या शिष्येचा, क्रांतीचा, स्मॅश त्यांनी स्वतः घडवला होता. आधी मागच्या पायाखाली बूट करकरायचा, मग फळ्यांवर धप्प, मग क्षणभर सगळं गप्प, आणि मग रॅकेटच्या जाळीचा टणत्कार. आज बूट वाजलाच नाही. नुसतं फाट! पुन्हा फाट! जसं कुणी दारात उभं राहून सतरंजी झटकतंय.

"क्रांती, इकडं ये गं."

पोरगी आली, पाया पडली. बाईंनी सवयीनं तिच्या वेणीकडे हात नेला. वेणी नव्हती. मानेवर कापलेले केस हाताला लागले.

"हे काय?"

"धुवायला सोपं पडतंय, बाई." क्रांती हसली आणि पिशवी उचलून तिनं खांद्याला लावली. डाव्या खांद्याला.

लाकडी रॅकेटच्या काळात, याच हॉलमध्ये, त्यांची जोडीदारीण सुला अशीच एकदा पिशवी डाव्या खांद्याला घेऊन आली होती. तेव्हा सुलाची आई तिची वेणी घालून द्यायची, आणि सगळ्याजणी तिला चिडवायच्या, बाळुली म्हणून. तिचा उजवा हात वर जात नाही, हे कुणाला कळलं नव्हतं. पुढे सुलाला फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा म्हणून काढता आला नाही.

क्रांतीचे वडील विश्वजित फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, आष्ट्याचे, ऊस बागाईतदार, तरुणपणी तालमीतले. ते लगबगीनं आले.

"बाई, आवाज ऐकला न्हवं? लय दम भरलाय हातात! तुमी गेल्यावर हिचा डावा गुडघा मुरगळला. कोपऱ्यातनं उडून खाली आली आणि पाय फिरला. मग म्हटलं, पायाला आराम, हाताला काम. स्टुलावर बसवून रोज स्मॅश मारून घेतले. वर तालमीत मुद्गल फिरवायला लावलं. मनगट बघा आता."

"स्टुलावर बसवून?"

"व्हय. पाय हलायचाच न्हाई."

"गुडघा बरा झाल्यावर मग पाय हलवायला कुणी शिकवलं परत?"

विश्वजितना प्रश्नच कळला नाही. "पाय काय शिकवायचं बाई? चालतीया की चांगली."

बाई शांतपणे म्हणाल्या, "विश्वजितराव, तुमच्या रानात शेवटच्या सरीला पाणी कुठनं येतं?"

"नदीवरनं. मोटारीनं."

"इथं मोटार म्हणजे पाय. मागच्या पायानं जमीन रेटली की कंबर फिरते, कंबरेमागं धड, धडामागं खांदा. दंड आत वळतो, कोपर सुटतं, मग कोपरापुढचा हात वळतो आणि सगळ्यात शेवटी मनगट. तोवर पकड सैल. शटलच्या फुलाला रॅकेटची जाळी लागताना तेवढी घट्ट. एकानं दिलं की दुसऱ्यानं घ्यायचं, आणि वाढवून पुढं द्यायचं. तुम्ही मोटार बंद केली आणि शेवटच्या सरीत पाणी मागताय. ते पाणी ती खांद्यातनं उपसतीय."

"पण फूल जातंय की जोरात!"

"जातंय. खांदा आहे तोवर जाईल."

विश्वजित हसले. वाईट मनाचे नव्हते ते. "आवं बाई, पोरगी फौजीची हाय. साताऱ्याची स्पर्धा तोंडावर आलीया. एवढी मारली की राज्याच्या संघात. मग द्या कवा द्यायचा तो आराम."

ते गेल्यावर बाईंनी क्रांतीला विचारलं, "रात्री कुठल्या कुशीवर झोपतेस?"

क्रांती खाली बघत म्हणाली, "डाव्या. उजव्या खांद्यावर पडवत न्हाई." मग हळूच, "बाबांना सांगू नका. संघात नाव लागलं की मीच सांगते."

"गुडघा अजून दुखतो?"

"दुखत न्हाई. पण वर गेले की वाटतं, आता फिरले तर डावा पाय मागं टेकणार आणि परत तसंच होणार. मग फिरतच न्हाई मी."

उरलेल्या दिवसांत बाईंनी रॅकेट हातात घेऊ दिली नाही. नुसत्या पायांनी कोर्टाच्या मागच्या कोपऱ्यात जायचं, जाळीकडं खांदा करून उभं राहायचं, हवेत कंबर फिरवायची, पायांची अदलाबदल करून उतरायचं. सावकाश केलं की जमायचं. पण कुणी फूल उडवलं की शरीर आपोआप स्टुलावर जाऊन बसायचं. छाती समोर, दोन्ही पाय बरोबर, आणि हात एकटा.

साताऱ्याच्या हॉलमध्ये अंतिम सामन्याला बाई प्रशिक्षकाच्या खुर्चीत बसल्या. काळा चष्मा सुटला होता, दिसत होतं लख्ख. इतकं दिसायला नको होतं, असं त्यांना वाटलं. पहिला गेम क्रांतीनं घेतला, दुसरा गेला. तिसऱ्यात अकरा गुणांवरची विश्रांती आली तेव्हा ती पाण्याची बाटली डाव्या हातात धरून दातांनी उघडत होती.

"मी पंचांना सांगते. सोडून देऊ."

"आता न्हाई, बाई. इतक्या जवळ आल्यावर न्हाई."

"मग माझं ऐक. स्मॅश मारायचा नाही. ड्रॉप टाक, जाळीजवळ खेळव. तिला पळव."

क्रांतीनं ऐकलं. एकेक गुण तिनं हलक्या हातानं, चिमटीत धरून आणल्यासारखा आणला. वरच्या सज्ज्यातून विश्वजित ओरडत होते, "अगं मार की! काय देवाला फुलं वाहतीयास व्हय?" लोक हसत होते. बाईंनी वळून पाहिलं नाही.

वीस-एकोणीस. एक गुण हवा होता.

समोरच्या पोरीनं जाळीपासून फूल उंच उडवलं, मागच्या डाव्या कोपऱ्यात. गुडघा गेला होता तोच कोपरा. आणि फूल आखूड पडलेलं, मारण्याजोगं.

"मार!" वरून आवाज आला.

बाईंच्या ओठांवर एकच शब्द होता. पाय, पाय, पाय. क्रांती मागं सरकली. बूट करकरला. ती वर गेली. आणि वर गेल्यावर छाती समोरच राहिली. डावा पाय मागं गेला नाही. फूल डोक्याच्या मागं, डाव्या बाजूला होतं, आणि तिथवर एकटा हात गेला.

फाट! त्या आवाजाच्या पोटात आणखी एक आवाज होता, बारीक, ओल्या दोरीच्या पिळासारखा. तो बाईंखेरीज कुणी ऐकला नाही.

फूल रेषेवर पडलं.

टाळ्या, शिट्ट्या. विश्वजित पायऱ्या उतरत धावत येत होते, डोळ्यांत पाणी. "बघितलं का बाई? मनगट! म्हटलं न्हवतं मी?"

क्रांती कोर्टाच्या मागं उभी होती. रॅकेट खाली पडलेली. केस कपाळावर आले होते, ते मागं सारायला तिनं उजवा हात उचलला. तो कमरेपर्यंत आला आणि तिथं थांबला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, दुसऱ्याचा असावा तसं.

मग ती जाळीपाशी गेली आणि समोरच्या पोरीपुढे तिनं डावा हात धरला.

बाई उठल्या. रॅकेट उचलून पिशवीत घातली, चेन लावली. पिशवी त्यांनी आपल्याच खांद्याला अडकवली आणि विश्वजितना म्हणाल्या, "गाडी आणा दारात. डॉक्टरकडं जायचंय."

"आत्ता? आवं, बक्षीस—"

"आत्ता."

विश्वजितनी हसत मुलीकडे पाहिलं. ती आता पंचांपुढेही डावाच हात धरून उभी होती, उजवा बाजूला नुसता लोंबत होता.